हातमोजा काढल्यावर कोण उरतं? मातीची पात्रं ओळखण्याविषयी

काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा एक पेंग्विन उभा आहे. मागची भिंत धूसर, अंगावर कपडा नाही, हातात काही नाही. मातीचा आहे एवढं कळतं. हे चित्र मी ओळखीच्या बऱ्याच जणांना दाखवलं आहे. बहुतेकांचं उत्तर लगेच येतं : 'पिंगू.' मग याच पेंग्विनच्या डोक्यावर भांडी घासायचा लाल रबरी हातमोजा चढवलेलं दुसरं चित्र दाखवलं, की 'वॉलेस आणि ग्रॉमिट' पाहिलेली मंडळी उडतात : 'अरे, हा तर फेदर्स मॅकग्रॉ!' पेंग्विन तोच असतो. त्यांना हातमोजा ओळखता आला होता, पेंग्विन नाही.

मातीच्या पात्राची ओळख नेमकी कशात असते, हा प्रश्न मला या दोन चित्रांमुळे पडला. मातीच्या पोतात, तोंडाच्या घडणीत, कपड्यात, मागच्या घरात की हातातल्या वस्तूत? जगभरातली स्टॉप-मोशन पात्रं एका लेखात मावणार नाहीत, म्हणून इथे मुख्यतः इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या आर्डमन स्टुडिओची पात्रं घेतली आहेत. ती सर्वांत जास्त पाहिली जातात, आणि त्यांची सर्वांत जास्त गल्लतही होते. बाकीची तुलनेपुरती येतील.

आधी मातीबद्दल. आपल्याकडे माती म्हटलं की शाडू किंवा कुंभाराचा चिखल डोळ्यांसमोर येतो. शाडूची मूर्ती वाळते आणि वाळल्यावर तिचा हात वाकवता येत नाही. स्टॉप-मोशनमध्ये पात्र थोडं हलवायचं, एक फोटो काढायचा, पुन्हा थोडं हलवायचं, असं महिनोन्महिने चालतं. तिथे वाळणारी माती कामाची नाही. त्यासाठी वापरतात ते प्लॅस्टिसिन. विल्यम हारबट या कलाशिक्षकाने ते 1897च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ शहरात तयार केलं. त्यात पाण्याच्या जागी पेट्रोलियम जेली आणि स्निग्ध आम्लं असतात, म्हणून ते वर्षानुवर्षं मऊ राहतं. मुलांच्या क्लेच्या डब्यातला मऊ, किंचित तेलकट गोळा आठवा. ओळखीच्या बहुतेक खुणा या तेलकट मऊपणातूनच निघतात.

पहिली खूण अर्थातच बोटांचे ठसे. प्लॅस्टिसिन हाताळलं की त्यावर ठसा उमटतो, आणि पात्र दर फोटोआधी हाताळलं जातं. पडद्यावर त्यामुळे पात्राचा पृष्ठभाग अगदी बारीक थरथरत राहतो, गाल आणि कपाळ जणू मंद आचेवर रटरटतंय असं वाटतं. अ‍ॅनिमेशनवाले याला 'बॉइल' म्हणतात. वॉलेस आणि ग्रॉमिटचा कर्ता निक पार्क याने हे ठसे पुसून टाकण्याचा आग्रह कधी धरला नाही. पात्राला माणसाचा हात लागला आहे हे दिसावं, असंच त्याला वाटत आलं आहे. मात्र ठसे दिसले म्हणजे पात्र आर्डमनचं, असं समजू नका. ठशांवरून पात्र बोटांनी हाताळलेल्या मातीचं आहे एवढंच सिद्ध होतं.

दुसरी खूण म्हणजे जाडी. प्लॅस्टिसिनला पातळ कड धरता येत नाही, दिव्यांच्या उष्णतेने ते आणखी ढिलं पडतं. त्यामुळे मातीच्या पात्राची बोटं जाड, कान जाड, पापण्या जाड, आणि केस असलेच तर थापलेल्या गोळ्यासारखे. पाय मोठे आणि बुडाला रुंद, कारण तोल सांभाळायचा असतो. अमेरिकेत आर्ट क्लोकीने 1950च्या दशकात केलेला हिरवा गम्बी आठवा : चपटं अंग आणि खाली पसरत गेलेले पाय. ते पाय तसे आहेत कारण त्याला उभं राहायचं होतं. एखाद्या पात्राचे केस सुटे सुटे असतील, बोटं पेन्सिलीसारखी सडपातळ असतील, तर आत तारेचा किंवा धातूचा सांगाडा असला तरी बाहेर प्लॅस्टिसिन नाही असं खुशाल समजावं. 'कोरलाइन'मधली पात्रं (2009) याच कारणाने मातीची नाहीत. त्यांची कातडी सिलिकॉनची आहे, चेहरे छापून घेतलेले आहेत आणि गालांवर एकही ठसा नाही. लोक सरसकट सगळ्याच स्टॉप-मोशनला 'क्ले' म्हणतात, आणि ओळखीचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तिसरी खूण माझ्या विशेष आवडीची आहे, कारण ती शोधावी लागते : रंगांची सरमिसळ. पांढरं प्लॅस्टिसिन शेजारचा लाल लगेच उचलतं. काम करणारे सतत हात पुसत असतात, तरी पांढऱ्या भागाच्या कडेला किंचित मळकट झाक येतेच. कधी कापडाचा बारीक तंतूही चिकटलेला सापडतो. पेंग्विनचं पांढरं पोट जिथे काळ्या पाठीला भिडतं तिथे ही सीमा थोडी हललेली दिसली, तर तुम्ही खऱ्या मातीच्या बाहुल्याचं चित्र पाहत आहात. खेळण्यात ही रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ असते.

इथवर पात्र कशाचं आहे ते कळलं. पण मातीच्या फिल्ममधलं पात्र सगळं मातीचंच असतं असं नाही, आणि ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. 1977मध्ये बीबीसीवर टोनी हार्टच्या कार्यक्रमात आलेला मॉर्फ हे एक टोक आहे. विटकरी रंगाचा, नखशिखान्त मातीचा माणूस, जो मनात आलं की गोळा होतो, घरंगळतो आणि पुन्हा माणूस होतो. असं रूप बदलणारं पात्र पूर्ण मातीचंच असावं लागतं. दुसऱ्या टोकाला 'चिकन रन'मधल्या (2000) कोंबड्या येतात. एवढ्या मोठ्या अंगावरची पिसं दर चौकटीला सरळ करत बसणं अशक्य होतं, म्हणून त्यांची धडं सिलिकॉनची केली आणि डोकी व पंख प्लॅस्टिसिनचे ठेवले. मग सिलिकॉनची मान आणि मातीचं डोकं यांचा सांधा लपवायचा कसा? कोंबड्यांच्या गळ्यात रुमाल आले, माळा आल्या.

म्हणून कपडा पाहताना मी आधी तो कुठे संपतो ते पाहतो. गळपट्टी, मनगटाची पट्टी, रुमाल, टायची गाठ या जागांच्या पलीकडे बहुधा एक पदार्थ संपून दुसरा सुरू झालेला असतो. चेहऱ्याला आणि हातांना सतत आकार द्यावा लागतो, म्हणून तिथे माती. धड फक्त वाकतं, म्हणून तिथे कडक किंवा रबरी पदार्थ चालतो. चित्रात वॉलेसचे गाल ठशांनी भरलेले आणि त्याचा स्वेटर मात्र एकसारखा कोरलेला दिसला, तर गोंधळू नका. एकाच बाहुल्याचे ते दोन भाग आहेत.

आता चेहरा, कारण नाव ठरतं ते इथे.

वॉलेस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावात 62, वेस्ट वॉलबी स्ट्रीट या पत्त्यावर राहणारा हा टकला, मध्यमवयीन, चीजवेडा संशोधक. ग्रॉमिट त्याचा कुत्रा, आणि दोघांत हुशार तोच. निक पार्कने 1982मध्ये चित्रपटशाळेत शिकत असताना 'अ ग्रँड डे आउट'वर काम सुरू केलं आणि ते आर्डमनमध्ये 1989मध्ये पुरं झालं. पुढे 'द राँग ट्राउझर्स' (1993), 'अ क्लोज शेव्ह' (1995), 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' (2005), 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ' (2008) आणि 'व्हेंजन्स मोस्ट फाउल' (2024) आले.

वॉलेसचं तोंड रुंद आहे, इतकं की हसला की डोक्याची रुंदी कमी पडते. त्याचं श्रेय पीटर सॅलिस या नटाच्या आवाजाला जातं. 'चीज' हा शब्द तो ज्या लांबट 'ई'ने उच्चारायचा तो मातीत दाखवताना गाल बाजूला सरकत गेले, आणि तेच रूप कायम झालं. बोलताना वॉलेसच्या तोंडाचे तयार भाग बदलले जातात. एका उच्चाराला एक तोंड, असे काही मोजके संच असतात, आणि प्रत्येक वेळी सांध्यावरची माती बोटाने सारखी केली जाते. जवळच्या दृश्यात गालावरून जाणारी ही पुसट रेघ कधीकधी सापडते. एका चौकटीत ती दिसते, दोन चौकटी पुढे गेलं की नाहीशी होते.

ग्रॉमिटला तोंडच नाही. सुरुवातीला त्याच्यासाठी तोंड आणि आवाज दोन्ही ठरले होते. 'अ ग्रँड डे आउट'मध्ये वॉलेस त्याच्या पाठीवर लाकडी दार ठेवून ते करवतीने कापतो असा प्रसंग आहे. बाहुली अशा अडचणीच्या जागी होती की तोंड हलवणं कठीण झालं, आणि पार्कच्या लक्षात आलं की नुसती भुवई हलवून सगळं सांगता येतं. तेव्हापासून ग्रॉमिटच्या कपाळावरची मातीची ती जाड घडी हीच त्याची भाषा झाली. ती खाली आली की वैताग, आतल्या टोकांनी वर गेली की काळजी, सपाट झाली की 'आता मलाच निस्तरावं लागणार'. डोळे पांढऱ्या मण्यांचे, जवळजवळ बसवलेले. बुबुळात बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून नजर फिरवतात. हे जवळजवळ चिकटलेले डोळे आर्डमनच्या बऱ्याच पात्रांत आढळतात, त्यामुळे त्यांच्यावरून स्टुडिओ कळतो, पात्र नाही. मात्र तसे डोळे, वर जाड भुवई, खाली तोंड नाही, बाजूला लोंबते गडद कान, हे सगळं एकत्र आलं की दुसरा कोणी शक्यच नाही.

याचा फार चांगला पुरावा 2013च्या उन्हाळ्यात मिळाला. ब्रिस्टॉल शहरात ग्रॉमिटचे 80 मोठे पुतळे जागोजागी उभे केले होते आणि प्रत्येक पुतळा वेगळ्या कलाकाराने रंगवला होता. फुलं, नकाशे, चट्टेपट्टे, काय वाटेल ते. फिल्ममधला ग्रॉमिट ज्या रंगाचा आहे त्या रंगाशी बहुतेकांचा संबंध नव्हता, पोत फायबरग्लासचा होता, आणि आकार माणसाएवढा. तरी रस्त्याने जाणारं लहान मूलही 'ग्रॉमिट' म्हणायचं. रंग, पोत आणि आकारमान हे तिन्ही काढून घेतल्यावर जे उरलं, ती त्याची खरी ओळख.

या रंगाचीही एक गोष्ट आहे. पार्कने विद्यार्थी असताना हारबटच्या कंपनीकडून तब्बल एक टन प्लॅस्टिसिन मागवलं होतं. त्यात दहा रंग होते आणि एकाचं नाव होतं 'स्टोन', म्हणजे दगडी. ग्रॉमिट त्या रंगाचा झाला. हाताशी जे होतं त्यातून ठरलेला रंग ओळखीचा पाया कसा मानायचा? रंगावर मी सर्वांत कमी विसंबतो. चित्राचा प्रकाश, छपाई, स्क्रीन, सगळेच त्याला बदलतात.

कपड्यांचं तसं नाही, पण कपड्यांकडून वेगळं काम घ्यावं लागतं. वॉलेसचा पांढरा शर्ट, लाल टाय, हिरवा बिनबाह्यांचा विणलेला स्वेटर आणि तपकिरी पँट हा त्याचा कायमचा वेष आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत सहज नक्कल होतो. एखाद्या टकल्या बाहुल्याला हिरवा हाफ स्वेटर आणि लाल टाय चढवला की बघणारा पुढे काही तपासतच नाही. कायमच्या वेषापेक्षा वेषात झालेला बदल जास्त बोलतो, कारण त्यातून नेमकी फिल्म कळते. ग्रॉमिटच्या गळ्यात एरवी पट्टा नसतो. तो दिसला तर 'द राँग ट्राउझर्स'चा सुरुवातीचा भाग आठवावा, जिथे वॉलेस त्याला वाढदिवसाची भेट म्हणून पट्टा देतो आणि ग्रॉमिटची भुवई जी खाली जाते ती वरच येत नाही. शॉन या मेंढीचंही असंच आहे. त्याची लोकर मातीची नाही, लोकरीसारख्या कापडाची आहे. चेहरा काळा, आणि तोंड एका बाजूला, गालावर. तो 2007पासून स्वतःच्या मालिकेत दिसतो, पण त्याचा जन्म 'अ क्लोज शेव्ह'मधला. तिथे यंत्रात त्याची लोकर कातरली जाते आणि तिचाच स्वेटर विणून निघतो, तो त्याच्या अंगावर. म्हणून स्वेटर घातलेला शॉन दिसला की 1995, आणि नुसत्या लोकरीतला शॉन असेल तर बहुधा नंतरचा.

आता सेट. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पात्र अर्धं झाकलेलं असेल, पाठमोरं असेल, तेव्हा मागची भिंतच आपली साक्षीदार असते.

वॉलेसचं घर 1950 ते 60च्या दशकांतल्या उत्तर इंग्लंडमधलं वाटतं. विटांची जोडघरं, खोलीखोलीत वेगळा मोठ्या नक्षीचा वॉलपेपर, टोस्टर, चहाची किटली, चीज आणि खारी बिस्किटं. हा नुसता सजावटीचा हौसेचा भाग नाही. पार्क 1958मध्ये लँकेशायरमधल्या प्रेस्टन इथे जन्मला. ही त्याच्या लहानपणाच्या मुलखातली घरं आहेत. सेट ओळखताना एक गोष्ट आवर्जून करावी : वस्तूंचं आपसातलं प्रमाण पाहावं. वॉलेसचा बाहुला साधारण वीतभर उंच असतो, म्हणजे त्याच्या हातातला कप नखाएवढा झाला. एवढ्या लहान कपाची कड खऱ्या कपासारखी पातळ करता येत नाही, वॉलपेपरचा खरा कागद तिथे जाडजूड दिसतो, आणि विणलेल्या कापडाचा टाका अवाढव्य होतो. पडद्याचं कापड घड्या घालताना ताठ राहिलं, लाकडाच्या रेषा फळीच्या मानाने फार मोठ्या दिसल्या, की सेट खरा आणि लहान आहे हे समजतं. संगणकावर केलेल्या खोलीत हे प्रमाण सहसा चुकत नाही. ते न चुकणं हीच तिथली खूण.

धंद्यावरूनही फिल्म ओळखता येते, आणि मराठीत हे कोणी मांडलेलं मी वाचलेलं नाही म्हणून सांगतो. वॉलेस आणि ग्रॉमिट दर काही वर्षांनी नवा व्यवसाय करतात. 'अ क्लोज शेव्ह'मध्ये खिडक्या पुसतात, त्यामुळे शिडी, बादली आणि साइडकारची मोटरसायकल दिसते. 'वेअर-रॅबिट'मध्ये भाज्यांच्या बागांतले ससे पकडतात, तिथे जुन्या ऑस्टिन ए35 धर्तीची गाडी. 'लोफ अँड डेथ'मध्ये पावाची बेकरी, आणि घरावर चक्क पवनचक्की. मागे पवनचक्कीचं पातं दिसलं तर 2008च्या आधी शोधत बसू नये.

ग्रॉमिटच्या वस्तू हा वेगळाच खजिना आहे. तो विणकाम करतो, वर्तमानपत्र वाचतो, पुस्तकं वाचतो. पुस्तकांची नावं इंग्रजी शाब्दिक कोट्यांची असतात. प्लेटोच्या जागी कुत्र्याचं नाव 'प्लूटो', दोस्तोयेव्हस्कीच्या नावात 'डॉग'. भिंतीवर हाडाची चौकटबंद तसबीर. चित्र मोठं करून पुस्तकाचं नाव वाचता आलं तर पात्र आणि फिल्म दोन्ही एका झटक्यात ठरतात. मात्र छापील अक्षरांपेक्षा एकटी वस्तू कमी भरवशाची असते. चहाचा कप सगळ्यांकडे असतो.

आपल्याकडच्या एका फिल्मचं उदाहरण इथे बरोबर बसतं. मुंबईच्या स्टुडिओ इकसॉरसची, सुरेश एरियट दिग्दर्शित 'टोकरी' (2017). त्यातली माणसं मातीची आहेत, पण त्यांची ओळख आर्डमनच्या पात्रांसारखी चेहऱ्याच्या एका अतिशयोक्त खुणेवर उभी नाही. ती उभी आहे टोपलीवर आणि रस्त्यावर. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या गर्दीत टोपल्या विकणारी मुलगी, हे दृश्य मुंबईकराला सेटवरूनच कळतं. या मुलीला ग्रॉमिटप्रमाणे रस्त्यातून उचलून फायबरग्लासमध्ये रंगवलं तर ती ओळखू येईल का, मला शंका आहे. यात तिचं काही उणं नाही. काही पात्रं त्यांच्या जागेशिवाय पुरी होत नाहीत, आणि अशा पात्रांच्या बाबतीत सेट आणि वस्तू यांना चेहऱ्याच्या आधी स्थान द्यावं लागतं.

एवढं करूनही फसगत होते. प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रं पुष्कळदा स्वतंत्रपणे काढून साफ केलेली असतात. त्यांत ठसे, तंतू, सांधे काहीच राहत नाही. फोनवर फिरून फिरून दाबली गेलेली चित्रं पोत पहिल्यांदा गमावतात, त्यामुळे अशा चित्रात 'ठसे नाहीत' या निरीक्षणाला काही अर्थ नाही. प्रदर्शनात ठेवलेल्या वस्तूही पुन्हा घडवलेल्या असू शकतात. ऑक्टोबर 2005मध्ये ब्रिस्टॉलमधल्या गोदामाला लागलेल्या आगीत आर्डमनचे जुने सेट आणि सामान मोठ्या प्रमाणावर जळून गेलं. शिवाय एकच पात्र काळाबरोबर बदलतं. 'अ ग्रँड डे आउट'मधला वॉलेस अरुंद चेहऱ्याचा आणि जास्त खडबडीत आहे. नंतरच्या फिल्म पाहून आलेला माणूस त्याला नक्कल समजतो.

संगणकी नक्कल हा सगळ्यांत अवघड भाग. आर्डमनचाच 'फ्लश्ड अवे' (2006) संगणकावर केलेला आहे, कारण त्यात पाणीच पाणी आहे आणि ते मातीच्या बाहुल्यांबरोबर जमवणं फार कठीण. पात्रांची तोंडं मात्र मुद्दाम मातीच्या बदलत्या तोंडांसारखी ठेवली आहेत. स्थिर चित्रात भलेभले चुकतात. चित्रफीत हाती असेल तर एक सोपी परीक्षा आहे. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून `.` दाबत गेलं की ती एकेक चौकट पुढे सरकते. व्हीएलसीमध्ये `e` दाबायचं. मातीच्या फिल्ममध्ये सेकंदाला 24 किंवा 25 चौकटी असल्या तरी पात्राची मुद्रा बहुतेकदा दोन चौकटींना एकदा बदलते. म्हणजे कळ दाबली, काही हललं नाही; पुन्हा दाबली, हललं. त्याच वेळी गालावरचे ठसे पाहा. पात्र जिथे हाताळलं गेलं तिथे ठसा नव्या चौकटीत वेगळा असतो, न हाताळलेल्या पाठीवर तोच राहतो. संगणकावर लावलेला ठसा कातडीला चिकटलेला असतो. गाल फुगला की तो गालाबरोबर फुगतो, पण बदलत नाही.

आता पुन्हा त्या पेंग्विनकडे. हातमोजा नाही असं धरून चालू.

पोत पाहिला : ठसे आहेत, पोटाची कड किंचित मळलेली आहे. म्हणजे माती. पिंगूही मातीचाच, ओटमार गुटमानने स्वित्झर्लंडमध्ये केलेली ती मालिका 1990मध्ये सुरू झाली. तेव्हा पोताने दोघांतला कोण ते सांगितलं नाही, पण एक शक्यता बाद केली. 2017नंतरची 'पिंगू इन द सिटी' ही जपानी मालिका संगणकावर केलेली आहे, तिथला पिंगू हा असणार नाही.

मग डोळे. पिंगूच्या डोळ्यांत पांढरा भाग आणि काळं बुबुळ आहे, नजर फिरते. या पेंग्विनचे डोळे म्हणजे दोन बारीक काळे मणी, काळ्याच डोक्यात बसवलेले. दिव्याची चमक पडली म्हणून दिसतात. पांढरा भाग नाही, पापणी नाही, भुवई नाही. मग चोच. पिंगू चिडला की त्याची चोच कर्ण्यासारखी पुढे ताणली जाते, आणि शांत असतानाही ती उघडते, कारण तो अखंड बोलतो. या पेंग्विनची चोच बंद आहे आणि तिला उघडण्याची फटच नाही. अंगाची घडण बाटलीसारखी : वर निमुळती, खाली जड. पिंगू मात्र लहान मुलासारखा गुटगुटीत.

चित्र स्थिर नसून चित्रफीत असती तर आणखी एक खूण मिळाली असती, आणि मला ती सर्वांत निर्णायक वाटते. 'द राँग ट्राउझर्स'मध्ये फेदर्सचं अ‍ॅनिमेशन मुख्यतः स्टीव्ह बॉक्सने केलं, आणि त्यातली कमाल हालचालीत नाही, स्थिर राहण्यात आहे. फेदर्स चौकटीमागून चौकट उभा राहतो, मग मान थोडी वळते, पुन्हा थांबते. ज्या माध्यमात न हाताळलेली माती मेल्यासारखी दिसते तिथे त्याने या निश्चलतेतूनच धाक निर्माण केला. पिंगू पाच सेकंदही गप्प उभा राहत नाही.

आता कोणी म्हणेल, शेजारी सील दिसला तर? पिंगूचा मित्र रॉबी हा सील आहे, तेव्हा उत्तर सोपं. पण 'व्हेंजन्स मोस्ट फाउल'मध्ये प्राणिसंग्रहालयात कैद असलेला फेदर्स मांडीवर सीलचं पिल्लू घेऊन त्याला कुरवाळत बसलेला आहे. एकच प्राणी दोन्ही घरांत आहे. सील पाहून 'पिंगू' म्हणणारा इथे चुकतो. म्हणून सील बाजूला ठेवून मागे पाहायचं. बर्फाचं घर, मासे आणि गुळगुळीत पांढरी जमीन असेल तर पिंगूचं अंटार्क्टिका. विटांची भिंत किंवा नक्षीचा वॉलपेपर असेल तर इंग्लंड.

हातमोज्याबद्दल शेवटी. 'द राँग ट्राउझर्स'च्या कथेत तो वेषांतराचं साधन आहे. लाल हातमोजा डोक्यावर चढवला की त्याची बोटं तुऱ्यासारखी उभी राहतात आणि हा सराईत चोर कोंबडा म्हणून खपतो. पोलिसांच्या भित्तिपत्रकावरही कोंबडाच असतो. ग्रॉमिट ते पत्रक पाहतो, पण भाडेकरू पेंग्विन आणि फरारी कोंबडा एकच आहेत हे त्याला लगेच उमगत नाही. वॉलेसला तर हातमोजा उतरेपर्यंत कळत नाही, आणि उतरल्यावर तो थक्क होऊन पाहत राहतो. ते चिमुकले काळे डोळे, मिटलेली चोच आणि बाटलीसारखं अंग मात्र पहिल्या चौकटीपासून सगळ्यांसमोर होतं.